नोटिशीतले दिवस मोजण्याआधी कारण वाचा

भाड्याच्या घराचा विषय निघाला की ठाण्यात आणि नवी मुंबईत हल्ली दोन ठरावीक बाजू ऐकू येतात. एक बाजू म्हणते, लेखी करार नाही, भाडं महिन्याच्या महिन्याला घेतो, मग पंधरा दिवसांची नोटीस द्यायची आणि घर रिकामं करून घ्यायचं; कायद्यातच तसं लिहिलं आहे. दुसरी बाजू म्हणते, पंधरा दिवसांत बिऱ्हाड हलवायला सांगणं हा अन्याय आहे, अशी नोटीस आली तर ती घेऊच नका, घेतली तर उत्तर देऊ नका. दोघांचा वाद दिवसांच्या आकड्यावर चालतो आणि दोघेही तिथेच चुकतात. महाराष्ट्रात राहत्या घराच्या महिनेवारी भाडेकरूकडून ताबा मिळतो तो कायद्याने मान्य केलेलं कारण कोर्टात सिद्ध झाल्यावर. हे कारण मागितलं जातं ते योग्यच आहे, असं माझं मत आहे. मालकांची अडचण खोटी नाही, पण तिचं मूळ या अटीत नाही. मूळ बरंचसं न केलेल्या कागदांत आणि घाईने लिहिलेल्या नोटिशींत आहे.

पंधरा दिवस येतात कुठून, ते आधी पाहू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 चा. त्याच्या कलम 106 प्रमाणे वेगळा करार नसेल तर राहण्यासाठी, दुकानासाठी किंवा कार्यालयासाठी दिलेली जागा महिनेवारी समजली जाते आणि कोणताही एक पक्ष पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन ती भाडेदारी संपवू शकतो. पूर्वी ही मुदत भाड्याच्या महिन्याच्या शेवटाशी जुळावी लागे. भाड्याचा महिना पहिल्या तारखेपासून की पाचव्या, एवढ्या एका मुद्द्यावर दावे फेटाळले जात. 2002 च्या शेवटी झालेल्या दुरुस्तीने ती कटकट मिटवली. आता मुदत नोटीस मिळाल्या तारखेपासून मोजतात, आणि नोटिशीत दिवस कमी लिहिले गेले तरी दावा पूर्ण मुदत उलटल्यावर दाखल केला असेल तर तेवढ्यावरून नोटीस रद्द ठरत नाही. म्हणजे ज्या आकड्यावर आज भांडण चालतं, त्याची धार कायद्याने वीसेक वर्षांपूर्वीच बोथट केली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या जागेसाठी कलम 106 ची नोटीस पुरेशी नसते आणि आवश्यकही नसते. 1979 साली व्ही. धनपाल चेट्टियार विरुद्ध यशोदाई अम्मल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न कायमचा निकाली काढला. भाडे कायद्यात दिलेलं कारण सिद्ध झाल्याशिवाय ताबा मिळतच नाही, मग भाडेदारी संपवणारी वेगळी नोटीस कशासाठी, असा त्यामागचा सरळ विचार. तरीही नोटिशींचे नमुने फिरत राहतात, कारण ते दुसऱ्या राज्यांतले असतात. दिल्लीत महिना 3,500 रुपयांहून जास्त भाडं असलेली जागा तिथल्या भाडे कायद्याच्या बाहेर आहे, म्हणून तिथे पंधरा दिवसांची नोटीस आणि त्यामागे दावा हा मार्ग खरोखर चालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 मध्ये भाड्याच्या रकमेवरून राहत्या घराला अशी सूट नाही. घोडबंदर रोडवरचं चाळीस हजार भाड्याचं घर असो की नौपाड्यातली दोन हजारांची खोली, भाडेकरू म्हणून दिलं असेल तर दोघांना एकच संरक्षण. दिल्लीचा नमुना उतरवून ठाण्यात दावा लावणारा मालक पहिल्याच पायरीवर अडखळतो.

पंधरा दिवसांची नोटीस आपल्याकडे खरंच निर्णायक ठरते ती वेगळ्या भाडेकरूंच्या बाबतीत. बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना 1999 च्या कायद्याने संरक्षणातून वगळलं आहे. महापेतलं कार्यालय अशा कंपनीकडे महिनेवारीने असेल तर कारण सांगायची गरज नाही. तिथे कलम 106 ची नोटीस बरोबर काढली, बरोबर पोचवली आणि मुदत संपू दिली की ताब्याच्या दाव्याचा पाया तयार होतो. मात्र जागा कारखान्यासाठी दिलेली असेल तर तेच कलम सहा महिन्यांची नोटीस मागतं.

आता मालकांच्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा. घर माझं, कर मी भरतो, दुरुस्ती माझ्या माथी, आणि माझंच घर परत मागायला मी कारणं का द्यावीत? या रागामागे इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली तेव्हा 1918 मध्ये तात्पुरता म्हणून भाडे निर्बंध कायदा आला. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीशी जखडली आणि तो 'तात्पुरता' कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षं चालला. 1997 साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावं लागलं की गोठवलेली भाडी आता अवाजवी झाली आहेत. आजही जुन्या भाडेकरूच्या भाड्यात कायद्याने होणारी वार्षिक वाढ चार टक्के. पंधराशेच्या भाड्यात वर्षाला साठ रुपये वाढले, तर त्या पैशांत इमारतीचा जिना दुरुस्त होत नाही. हे सगळं खरं आहे आणि भाडेकरूंच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते मान्य न करणं अप्रामाणिकपणाचं आहे.

पण हा अन्याय भाड्याच्या रकमेचा आहे. त्याचा उपाय भाडं वाढवणं हा आहे, विनाकारण बाहेर काढण्याची मुभा हा नव्हे. कारणाची अट काढून टाकली तर काय होईल? चार टक्क्यांवर आक्षेप असलेला मालक चाळीस टक्के वाढ मागेल, आणि नकार मिळताच पंधरा दिवसांची नोटीस देईल. भाड्यावरचं नियंत्रण कागदावर राहील आणि प्रत्यक्षात संपेल. 1918 मध्येही भाडं आणि ताबा हे दोन्ही एकाच कायद्यात बांधले गेले ते याच कारणाने. एक मोकळं सोडलं की दुसऱ्याला अर्थ उरत नाही.

शिवाय कारण न देता घर परत मिळवण्याचा मार्ग कायद्याने मालकाला दिलेलाच आहे, तो म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. त्यालाही एक जखम आहे, हे मान्य. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना तेव्हाच्या दुरुस्तीने एका रात्रीत भाडेकरू केलं. त्या धसक्याने मालकांच्या एका पिढीने रिकामी घरं कुलपात ठेवली. 1999 च्या कायद्याने मात्र कलम 24 ठेवून हा मार्ग पुन्हा पक्का केला. लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. लेखी करारात लिहिलेली गोष्ट तिथे निर्णायक पुरावा मानली जाते, आणि मुदत संपूनही न हलणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. अट एवढीच की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. कलम 55 ने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जाईल, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर, असंही तिथेच म्हटलं आहे. ऐरोलीतला फ्लॅट तोंडी बोलीवर 'अकरा महिन्यांसाठी' देणारा मालक हाच दरवाजा आपल्या हाताने बंद करतो. पुढे राहणारा म्हणाला, मी लायसन्सी नाही, महिनेवारी भाडेकरू आहे, तर ते खोडून काढण्याचा भार मालकावर येतो. नोंदणीचे थोडे पैसे वाचवून त्याने कारण सिद्ध करण्याचा लांबचा रस्ता पत्करलेला असतो. त्याचा दोष भाडेकरूला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर कसा टाकायचा?

नोटीस कुठे बिघडते ते एका उदाहरणावरून नीट कळेल. समजा, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर आहे. लेखी करार नाही, भाडं महिना 6,000. जानेवारी ते मे असं पाच महिन्यांचं भाडं थकलं आहे. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आहे आणि त्याला हे घर हवं आहे. मालक 5 जूनला नोटीस काढतो: 'तुमची महिनेवारी भाडेदारी संपवण्यात येत आहे, थकलेले 30,000 रुपये भरा आणि पंधरा दिवसांत रिकामा ताबा द्या.' नोटीस 9 जूनला पोचते. 24 जूनला पंधरा दिवस पुरे होतात आणि महिनाअखेर मालक थकबाकीच्या कारणावर दावा लावतो.

हा दावा वेळेआधीचा आहे. थकलेल्या भाड्यासाठी 1999 च्या भाडे कायद्याच्या कलम 15 प्रमाणे लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती बजावल्यापासून 90 दिवस उलटेपर्यंत दावाच करता येत नाही. 9 जूनपासूनचे 90 दिवस 7 सप्टेंबरला संपतात. त्याआधी थकबाकीच्या कारणाला कोर्टात पाय नाही. नोटिशीत पंधरा दिवस लिहिले म्हणून कायद्यातले नव्वद कमी होत नाहीत.

समजा मालकाने थांबून सप्टेंबरच्या अखेरीस दावा केला आणि भाडेकरूला 10 ऑक्टोबरला समन्स मिळालं. आता कायदा भाडेकरूला आणखी एक संधी देतो. समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत, म्हणजे 8 जानेवारीपर्यंत, त्याने तोवरचं सगळं भाडं सरळव्याजाने वार्षिक 15 टक्क्यांसह कोर्टात भरलं, पुढे दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीवरून ताब्याचा हुकूम होत नाही. त्याने 31 डिसेंबरला रक्कम भरली असं धरू. जानेवारी ते डिसेंबरचं भाडं 72,000. प्रत्येक महिन्याचं भाडं त्या महिन्याच्या शेवटी देय होतं असं धरलं तर 6,000 वर महिन्याला 75 रुपये या दराने व्याज होतं 4,950. एकूण 76,950 रुपये आणि वर खर्च. मालकाला त्याचे पैसे व्याजासकट मिळाले. घर मात्र नाही, आणि मुलाचं लग्न होऊन गेलं.

इथे मालक म्हणेल, पाहा, कायदा भाडेकरूधार्जिणा! पण त्याला हवं काय होतं? मुलासाठी घर. आणि नोटिशीत मुलाचा उल्लेख एका ओळीनेही नव्हता. कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कारण आहे: मालकाला स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या राहण्यासाठी जागेची वाजवी आणि प्रामाणिक गरज. या कारणाला नव्वद दिवसांची अट नाही, आणि पैसे भरून भाडेकरू ते उडवून लावू शकत नाही. पण ते नुसतं 'मला स्वतःला जागा हवी' एवढ्याने भागत नाही. नोटीस अशी बोलली पाहिजे: सध्या आमच्या घरात किती माणसं राहतात, खोल्या किती, मुलाचं लग्न कधी, त्याची नोकरी कुठे, आणि आमच्या नावावर आणखी कुठली जागा आहे. शेवटचा तपशील सर्वांत जास्त लपवला जातो आणि त्यानेच सर्वांत जास्त नुकसान होतं. कळव्यात दुसरा फ्लॅट असेल तर तो सांगावा आणि मुलाला तो का चालणार नाही तेही सांगावं. उलटतपासणीत तो फ्लॅट भाडेकरूच्या वकिलाने बाहेर काढला तर गरजेच्या प्रामाणिकपणावरच शंका येते, आणि मग बाकी खरं असलेलंही कमकुवत होतं. दावा दोन्ही कारणांवर करता येतो. पण थकबाकीची मागणी आणि गरजेची हकीकत नोटिशीत वेगवेगळ्या परिच्छेदांत हवी, थकलेले महिने आणि रक्कम स्पष्ट लिहिलेली हवी.

गरज सिद्ध झाली तरी कोर्ट आणखी एक प्रश्न विचारतं: ताबा दिल्याने भाडेकरूला होणारा त्रास जास्त, की नाकारल्याने मालकाला होणारा? भाडेकरूने पर्यायी घर शोधलं का, त्याचं स्वतःचं घर कुठे आहे का, हे इथे पाहिलं जातं. भाडेकरूच्या बायकोच्या नावावर उलव्यात फ्लॅट असेल तर पारडं कुठे झुकेल हे उघड आहे. म्हणजे कारणाची अट एकतर्फी नाही. ती दोघांनाही आपली परिस्थिती उघड करायला लावते. खोट्या गरजेवरही कायद्याचा पहारा आहे: या कारणावर ताबा घेऊन मालक महिन्याभरात राहायला गेला नाही किंवा वर्षाच्या आत ती जागा दुसऱ्याला दिली, तर भाडेकरू ताबा परत मागू शकतो.

कोर्टात वर्षं जातात, या तक्रारीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, कारण ती खरी आहे. पण त्या वर्षांतली बरीच कशात जातात? मालक-भाडेकरू नातं मुळात आहे का, भाडं किती ठरलं होतं, थकबाकी कधीपासून, नोटीस मिळाली की नाही, यावरच साक्षी-पुरावे चालतात. भाडेपावती देणं मालकावर बंधनकारक आहे. ती दिली असती तर पहिले तीन प्रश्न मिटले असते. कारणाची अट उद्या काढून टाकली तरी हे वाद तसेच राहतील.

बजावणीचंही तसंच. नोटीस लेखी आणि सहीची हवी, आणि ती टपालाने किंवा प्रत्यक्ष हातात, नाहीतर घरातल्या माणसाच्या किंवा नोकराच्या हातात द्यावी लागते. ते जमलंच नाही तर जागेवर ठळक ठिकाणी चिकटवावी लागते. फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवून त्यावर विसंबू नये. 2025 पासून टपाल खात्याची रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्ये मिसळली आहे, म्हणून स्पीड पोस्ट करताना नोंदणीची सोय आणि पोच मागून घ्यावी आणि पावती, ट्रॅकिंगचा कागद व परत आलेलं पाकीट न फोडता जपून ठेवावं. मूळ भाडेकरू वारला असेल तर जागेत राहणाऱ्या सगळ्या वारसांची नावं नोटिशीत घालावीत. मृताच्या नावाने काढलेली नोटीस ही नेहमीची आणि सहज टाळता येणारी चूक आहे. खोलीचा क्रमांक, मजला, इमारतीचं नाव, वापरातलं सामाईक संडास किंवा माळा असेल तर तोही लिहावा, नाहीतर हुकूम मिळूनही बेलिफासमोर माळ्यावरून भांडण उभं राहतं.

भाडेकरूंच्या बाजूचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे. पंधरा दिवसांत ठाण्यात अनामत जमवून, मुलांची शाळा सांभाळून घर मिळत नाही, हे खरं. म्हणूनच लक्षात ठेवावं की नोटिशीची मुदत संपणं म्हणजे घराबाहेर पडण्याची वेळ नव्हे. हुकूम होऊन त्याची कोर्टामार्फत अंमलबजावणी झाल्याशिवाय कोणीही घराला कुलूप लावू शकत नाही. पाणी किंवा वीज तोडणं भाडे कायद्याच्या कलम 29 ने मना आहे. जबरदस्तीने बाहेर काढलंच तर विशिष्ट साहाय्य अधिनियम 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांत दावा करून, मालकी कोणाची हा प्रश्न न काढता, ताबा परत मिळवता येतो. इतकं संरक्षण असताना नोटीस न घेण्याचा सल्ला कशासाठी? पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारला की नोटीस बजावली गेली असंच कोर्ट सहसा मानतं. नव्वद दिवस सुरू होतात आणि ते सुरू झाल्याचं फक्त भाडेकरूलाच माहीत नसतं.

त्याने करायचं ते साधं आहे. नोटीस घ्यावी, पाकिटावर मिळाल्याची तारीख टाकावी, आणि पहिल्या पंधरवड्यात लेखी उत्तर द्यावं: भाडेदारी कधीपासून, भाडं किती, कोणत्या महिन्यांचं दिलं, गरज का मान्य नाही. भाडं मान्य असेल तर नव्वद दिवसांच्या आत बँकेतून पाठवावं आणि तपशिलात महिन्याचं नाव लिहावं. मालक खाते क्रमांक देत नसेल तर तो लेखी मागावा. भाडं द्यायला आपण तयार होतो हे दाखवण्याचा तोच पुरावा असतो. 'बघू कोर्टात' म्हणून गप्प बसणाऱ्या भाडेकरूने खऱ्या बाजूचा दावा गमावला, तर दोष कायद्याचा नसतो.

राहिला नोटिशीनंतरच्या भाड्याचा प्रश्न. अनेक मालक भीतीपोटी ते नाकारतात: घेतलं तर नोटीस मागे घेतल्यासारखं होईल. ही भीती मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 113 मधून येते. मुदत संपल्यानंतरचं भाडं भाडं म्हणून स्वीकारलं तर नोटीस सोडून दिली असं ठरू शकतं. पण नुसते पैसे घेतले एवढ्याने तसं होत नाही, भाडेदारी पुढे चालू ठेवण्याचा हेतू दिसावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. महापेच्या कार्यालयासारख्या, म्हणजे नोटीसच निर्णायक असलेल्या जागेत पावतीवर 'हक्कास बाधा न येता, जागा वापरल्याची भरपाई म्हणून' असं लिहून रक्कम घ्यावी. नौपाड्यातल्या घरात ही भीती बिनबुडाची आहे. तिथे ताबा नोटिशीवर नाही, कारणावर मिळायचा आहे. उलट भाडं नाकारून मालक स्वतःचाच थकबाकीचा मुद्दा बुडवतो, कारण भाडं द्यायला तयार असलेल्या माणसाला थकबाकीदार म्हणता येत नाही.